कढईतली निम्म्याची खूण: ४० पानांच्या बासुंदीला दूध किती घ्यायचं?

मुंजीआधीचं केळवण, ४० पानं, गोडाला बासुंदी. वाटी १२० मिलीची ठरली, म्हणजे ४ लिटर ८०० मिली बासुंदी हवी. एखाद-दोन वाट्या वर लागल्या तर म्हणून ५ लिटरचा अंदाज धरला. बासुंदीला दूध निम्मं आटवायचं, म्हणून १० लिटर फुल क्रीम दूध आणलं. साखर ८०० ग्रॅम, म्हणजे मूळ दुधाच्या लिटरला ८० ग्रॅम. इथपर्यंतचा हिशेब बरोबर होता.

आटवायला ४५ सेंटिमीटर तोंडाची, अर्धगोल बुडाची कढई घेतली. १० लिटर दूध ओतल्यावर मधोमध त्याची खोली १३ सेंटिमीटरच्या थोडी वर आली. पुतणीने लाकडी कालथा दुधात उभा धरला, जिथवर तो भिजला तिथपासून टोकापर्यंत मोजलं आणि बरोबर मध्यावर पेन्सिलीने रेघ ओढली. ‘काकू, दूध या रेघेपर्यंत उतरलं की निम्मं झालं.’ काकूंनाही ते पटलं. रेघ टोकापासून साडेसहा सेंटिमीटरवर होती.

दूध या रेघेपर्यंत कधी उतरलंच नाही. साडेसात सेंटिमीटरपर्यंत आलं तेव्हाच ते इतकं दाट झालं होतं की मोठे, जड बुडबुडे फदफद फुटायला लागले आणि कालथा बुडाशी अडखळू लागला. काकूंनी हाताच्या अंदाजाने गॅस बंद केला. ठरलेली ८०० ग्रॅम साखर घातली, विरघळवली, बासुंदी गार केली. संध्याकाळी वाट्या भरायला घेतल्या तर जेमतेम ३० भरल्या. चव घेतली तर घशाशी बसणारी गोड, आणि फ्रिजमधून काढल्यावर डावाने कापावी लागेल इतकी घट्ट.

घरात पहिला संशय दुधावर गेला, मग साखरेवर. दोन्ही निर्दोष होते. चूक त्या पेन्सिलीच्या रेघेत होती.

अर्धी उंची आणि अर्धं दूध

सरळ भिंतीच्या पातेल्यात दुधाची पातळी निम्म्यावर आली की दूध निम्मं झालेलं असतं, कारण तळापासून वरपर्यंत पातेल्याची रुंदी सारखीच असते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात १० लिटर दूध सुमारे १४ सेंटिमीटर चढतं आणि ७ सेंटिमीटरवर ५ लिटर उरतं. तिथे कालथ्यावरची मधली रेघ अगदी बरोबर काम करते. पुतणीने ही रीत कुठे पाहिली असेल तर ती बहुधा पातेल्यातच पाहिली असेल.

कढईचं तसं नसतं. ती वर पसरट आणि खाली निमुळती. वरच्या एका सेंटिमीटरच्या थरात जितकं दूध मावतं, त्याच्या निम्मंसुद्धा खालच्या थरांत मावत नाही. या कढईचंच मोजमाप बघा. खोली १३.३ सेंटिमीटर असताना दूध १० लिटर. १० सेंटिमीटरवर ६ लिटर. ९ सेंटिमीटरवर ५ लिटर, म्हणजे खरं निम्मं इथे. ८ सेंटिमीटरवर ४ लिटर. साडेसातवर, जिथे काकू थांबल्या, साडेतीन लिटर. आणि साडेसहावर, जिथे ती रेघ होती, फक्त पावणेतीन लिटर. रेघेपर्यंत आटवलं असतं तर दूध निम्मं न राहता पाव भागाच्या जरा वर उरलं असतं. म्हणजे रबडीच्याही पलीकडे, खव्याच्या वाटेवर. काकूंचा हात अनुभवी होता, म्हणून प्रकरण साडेतीन लिटरवर थांबलं.

गोल बुडाची कढई कोणतीही असो, एक ठोकताळा लक्षात ठेवावा: मधली खोली साधारण एक तृतीयांशाने उतरली की दूध निम्मं झालं. अगदी अर्धगोल कढई काठोकाठ भरली असेल तर पातळी ३५ टक्के उतरल्यावर निम्मं होतं. उथळ, पसरट कढईत ३० टक्के उतरल्यावरच होतं. वरच्या उदाहरणात १३.३ वरून ९ वर, म्हणजे ३२ टक्के. डोळ्यांना हे फार कमी वाटतं. म्हणूनच कढईत आटवताना बहुतेकांच्या हातून दूध जास्त आटतं आणि मग ‘बासुंदी नेहमी कमीच पडते’ असा समज होतो.

त्या संध्याकाळी काय करता आलं

हातात साधारण ३ लिटर ६५० मिली बासुंदी होती आणि पाहुणे यायला दोन तास. हे प्रकरण दुरुस्त करता येण्यासारखं असतं, कारण आटताना दुधातून फक्त पाणी गेलेलं असतं. फॅट, प्रथिनं, दुधातली साखर, सगळं कढईतच आहे. आणि ८०० ग्रॅम साखर १० लिटर दुधाच्या हिशेबाने घातलेली असल्यामुळे तीसुद्धा पूर्ण बासुंदीला पुरेल इतकी आत आहेच. म्हणजे द्रव परत वाढवायचा, साखर मात्र वाढवायची नाही.

किती वाढवायचा, तेही मोजून. ठरल्याप्रमाणे सगळं झालं असतं तर भांड्याला लागलेलं सोडून सव्वापाच लिटरच्या जरा आत बासुंदी मिळाली असती. हातात ३ लिटर ६५० आहे, म्हणून सुमारे १ लिटर ४०० मिली घालायचं. नुसतं गरम पाणी घातलं असतं तरी बासुंदी जवळपास त्याच जागी आली असती, जिथे ती वेळेवर थांबली असती तर असती. दूध घातलं तर जरा जास्त दाट आणि चवीला गोलाई येते, म्हणून घरात दूध असेल तर दूधच बरं. काकूंनी दीड लिटरची सोय केली, दूध आधी उकळून घेतलं आणि बासुंदी मंद आचेवर कोमट झाल्यावर तीन वेळा थोडं थोडं ओतून ढवळलं. गार, घट्ट बासुंदीत गार दूध एकदम ओतलं तर सायीच्या गुठळ्या तशाच तरंगत राहतात आणि मग त्या घोटून मोडाव्या लागतात. मिश्रण एकदा नीट उकळीला आणणंही गरजेचं होतं, कारण दिवसभर ठेवलेल्या पदार्थात नवं दूध मिसळलं होतं. ४० पानांना वाटी मिळाली आणि दोन वाट्या उरल्या.

एक सावधगिरी: दूध बुडाला लागून करपट वास येत असेल तर हा उपाय चालत नाही. द्रव वाढवला की दाटपणा आणि गोडी मूळ जागी येते, वास मात्र पाच लिटरभर पसरतो.

सुरुवातीला दूध किती घ्यायचं

‘हवं त्याच्या दुप्पट’ हा नियम बासुंदीपुरता बरा चालतो, पण का चालतो ते कळलं तर दुसऱ्या पदार्थाला फसायला होत नाही. एक लिटर फुल क्रीम दूध घेऊन एक एक पायरी मोजू.

गरम दूध अर्ध्या लिटरच्या खुणेला आलं की गॅस बंद. पण उकळतं दूध फुगलेलं असतं, गार झाल्यावर ते सुमारे ४ टक्के आकसतं. अर्ध्या लिटरचे ४८० मिली होतात. आता साखर. विरघळलेली साखर नाहीशी होत नाही, तिची जागा तिला लागतेच: एक किलो साखर द्रवात विरघळली की सुमारे ६२० मिलीने आकारमान वाढतं. म्हणजे ८० ग्रॅम साखरेने ५० मिली वाढ. झाले ५३०. चारोळी, बदामाचे काप, केशर, वेलदोड्याची पूड यांनी १० लिटरमागे जेमतेम वाटीभर वाढते, ती सोडून देऊ. मग कढईच्या कडा, कालथा, डाव, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतणं आणि चव बघणं, यात ३ ते ४ टक्के जातंच. उरले ५१० ते ५१५ मिली.

म्हणजे साखरेने दिलेलं जवळजवळ तेवढंच गार होण्याने आणि चिकटण्याने परत घेतलं. म्हणूनच बासुंदीत दुप्पटचा नियम जुळतो. ५ लिटर बासुंदीला ५ भागिले ०.५१५, म्हणजे ९ लिटर ७०० मिली दूध लागतं. पिशव्या लिटरच्या असतात, तेव्हा १० लिटर. पहिल्या दिवशी आणलेलं दूध अगदी योग्य होतं असं वर म्हटलं ते यामुळेच.

साखर कमी करायची ठरवली, समजा लिटरमागे ४० ग्रॅम, तर बासुंदीही कमी होते हे मात्र विसरलं जातं. लिटरमागे २५ मिली घटले, १० लिटरमागे पाव लिटर. दोन वाट्या गेल्या. मधुमेहींसाठी बिनसाखरेची वेगळी काढायची असेल तर त्या हिश्शाला दूध दुप्पट न घेता सव्वादोनपट घरात असावं.

खूण कशी करायची

उंचीचं गणित करायची गरजच नाही. दूध ओतण्याआधी त्याच कढईत, त्याच शेगडीवर, मापाच्या भांड्याने ५ लिटर पाणी मोजून ओता. कालथा किंवा स्वच्छ लाकडी पट्टी कढईच्या अगदी मध्यावर सरळ उभी धरा आणि पाण्याची रेघ कापून घ्या. पेन्सिल वाफेत पुसट होते, सुरीची बारीक खाच टिकते. पाणी ओतून द्या. भांडं कोणत्याही आकाराचं असो, निम्मं तुम्हाला पाण्यानेच दाखवून दिलं आहे. शेगडीवरच मोजा असं म्हणायचं कारण एवढंच, की गोल बुडाची कढई ओट्यावर एक प्रकारे टेकते आणि शेगडीच्या दांड्यांवर दुसऱ्या प्रकारे. एका बाजूला कललेल्या कढईत मध्य सरकतो.

खूण वाचताना गॅस बंद करा आणि फेस पूर्ण बसू द्या. उकळत्या दुधाची पातळी फेसासकट सहज दोन सेंटिमीटर वर दिसते, आणि या कढईत एक सेंटिमीटर म्हणजे एक लिटर. पट्टी दर वेळी पुसून कोरडी करून घाला, नाहीतर आधीची ओल आणि आताची ओल कळत नाही. कडेला सुकलेली साय खाली ओढून दुधात मिसळली की मगच मोजा. ती साय दुधाचाच भाग आहे.

वजनाचा काटा असेल तर तो याहून भरवशाचा. वजनाला फेस, कढईचा आकार, गरम-गार काही फसवत नाही. १० लिटर दूध म्हणजे सुमारे १० किलो ३०० ग्रॅम. रिकाम्या कढईचं वजन लिहून ठेवा. दुधाचं वजन ५ किलोने कमी झालं, म्हणजे ५ किलो ३०० ग्रॅमच्या आसपास आलं, की निम्मं आटलं. एवढी जड, गरम कढई उचलून काट्यावर ठेवायला दोन माणसं आणि काट्यावर जाड लाकडी पाट हवा, त्यामुळे मोठ्या बेताला पट्टीच सोयीची. एक-दोन लिटरच्या बासुंदीला मात्र घरचा पाच किलोचा काटा फार सोपा पडतो.

वेळ

घड्याळावर निम्मं ठरवता येत नाही. एक लिटर दूध निम्मं व्हायला अर्धा तास लागला, म्हणून दहा लिटरलाही थोडाच जास्त लागेल असं वाटतं आणि सगळा बेत कोलमडतो. पाण्याची वाफ करायला ठरावीक उष्णता लागते, आणि एका बर्नरमधून ती ठरावीक वेगानेच येते. घरच्या शेगडीच्या मोठ्या बर्नरवर, पूर्ण आचेवर, एक लिटर पाणी उडायला साधारण अर्धा तास लागतो. १० लिटर दुधातून ५ लिटर पाणी उडवायचं म्हणजे अडीच तास, आणि फ्रिजमधलं दूध उकळीला येण्याचा पाऊण तास आधी. शेवटी आच कमी करावी लागते ते धरून साडेतीन-चार तास हाताशी ठेवावेत. दोन पातेल्यांत पाच-पाच लिटर करून दोन मोठ्या बर्नरवर ठेवलं तर वेळ निम्मा होतो. गॅस मात्र दोन्ही प्रकारे सारखाच जळतो, अर्धा किलोच्या जरा वर.

रुंद भांड्यात दूध लवकर आटतं हे खरं, पण त्यामागचं मुख्य कारण वेगळं आहे. अरुंद पातेल्यात मोठी आच ठेवली की दूध लगेच उतू जातं, म्हणून आपण आच कमी करतो आणि वेळ वाढतो. पसरट भांड्यात फेसाला जागा मिळते, साय सारखी मोडता येते आणि आच मोठी ठेवता येते. ती जागा मिळावी म्हणून कोणतंही भांडं सुरुवातीला अर्ध्याहून जास्त भरू नये.

बुडाला लागणं आणि फुटणं

दूध दोन वेळा बुडाला लागतं. एकदा पहिल्या उकळीच्या आधी, कारण गरम बुडाशी दुधातली प्रथिनं आणि क्षार आधी जमतात आणि त्यावेळी कुणी ढवळत नसतं. दुसऱ्यांदा शेवटच्या तिसऱ्या भागात, दूध दाट झाल्यामुळे ते आपोआप खालीवर फिरेनासं होतं तेव्हा. म्हणून ओतण्याआधी भांडं पाण्याने ओलं करून घ्यावं, उकळी येईपर्यंत बूड सपाट कालथ्याने घासत ढवळावं, मधल्या टप्प्यात दर दोन-तीन मिनिटांनी, आणि शेवटी हात थांबवू नये. गोल बुडाच्या कढईत कालथा सगळीकडे फिरतो, पातेल्यात मात्र बूड आणि भिंत मिळते तो कोपरा सुटतो आणि करपायला तिथूनच सुरुवात होते.

कालथ्याला खालून खरखर लागली तर खरवडू नका. आच बंद करून वरचं दूध हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता, तळाचा थर मागे सोडा. पाव लिटर गेलं तरी चालेल. आटलेल्या दुधाची खूण आता दुसऱ्या भांड्याची घ्यावी लागेल, तेव्हा दुसरं भांडं आधीच पाण्याने मोजून तयार असलेलं बरं.

फुटण्याचं कारण वेगळं. आटताना दुधातली आम्लताही निम्म्या जागेत कोंडली जाते, म्हणजे दुपटीने दाट होते. साध्या उकळीला टिकून राहणारं, पण किंचित उतरलेलं दूध अर्धं आटताना मध्येच कणीदार होतं. हे दहा लिटर वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक पिशवीतलं चमचाभर दूध आधी पळीत उकळून बघावं. पळीत कणी दिसली तर ती पिशवी कढईत नको. गूळ किंवा आंबट फळाचा रस उकळत्या दुधात घातला तरीही हेच होतं. फळांची बासुंदी करायची तर फळ पूर्ण गार झालेल्या बासुंदीतच.

साखरेनंतरचा पातळपणा

साखर घातल्यावर बासुंदी एकदम पातळ दिसते आणि इथे पुष्कळ जण घाबरतात. पातळपणाची दोन कारणं असतात: साखर विरघळून द्रव वाढलेला असतो आणि बासुंदी गरम असते. दोन्हींचा हिशेब आपण आधीच धरला आहे. साखर घातल्यावर पाच-सात मिनिटं उकळू द्यावी आणि थांबावं. त्या वेळी ‘अजून थोडं आटवू’ म्हणून अर्धा तास ठेवलं की वरचं सगळं मोजमाप वाया जातं. शंका असेल तर चमचाभर बासुंदी स्टीलच्या वाटीत घेऊन पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि मग वाटी तिरकी करा. वाटीच्या तळाला पातळ पण अखंड थर राहिला तर दाटपणा बरोबर आहे. कढईतल्या गरम बासुंदीवरून दाटपणा ठरवू नका.

साखर सुरुवातीलाच घातली तर ती आटताना बुडाशी लाल होते, दूध लवकर लागतं आणि रंग गडद येतो. काहींना तो रंग आवडतो. पण मग साखर धरून किती उतरवायचं हे वेगळं मोजावं लागतं, आणि वरची ५ लिटरची खूण तिथे लागू पडत नाही.

दूध बदललं तर निम्मं बदलतं

‘निम्मं’ ही खूण फुल क्रीम किंवा म्हशीच्या दुधाची आहे. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून बाकीचा घन भाग, असतो; मिळून १५ टक्के घन भाग. ते निम्मं आटलं की घन भाग ३० टक्क्यांच्या आसपास येतो आणि बासुंदी म्हणतो तो दाटपणा मिळतो. टोन्ड दुधात ३ टक्के फॅट आणि साडेआठ टक्के एसएनएफ, मिळून साडेअकरा. ते निम्मं आटवलं तर २३ टक्क्यांच्या जवळच थांबतं, मसाला दुधासारखं पातळ राहतं. त्याला ३० टक्क्यांवर आणायचं तर लिटरचे ३७०-३८० मिलीच उरतात. म्हणजे त्याच ५ लिटर बासुंदीला साडेबारा-तेरा लिटर टोन्ड दूध हवं, आठ लिटर पाणी उडवावं लागतं आणि दीड-दोन तास जास्त लागतात. शिवाय फॅट कमी असल्यामुळे दाटपणा आला तरी तोंडात ती स्निग्धता येत नाही. गाईच्या दुधाचं गणित या दोहोंच्या मधलं, पण टोन्डच्या जवळचं. केळवणासारख्या मोठ्या बेताला फुल क्रीमच परवडतं, पिशवीमागे काही रुपये जास्त गेले तरी.

साखर मात्र नेहमी तयार होणाऱ्या बासुंदीवर मोजावी, लिटरला १५० ग्रॅम. १३ लिटर टोन्ड दुधाला लिटरमागे ८० ग्रॅमने एक किलोच्या वर साखर पडेल आणि पहिल्या दिवसासारखीच घशाशी बसेल.

बिनसाखरेचा सॉस असेल तर

हाच हिशेब टोमॅटोच्या रसाला लावला तर उत्तर बदलतं. लाल ग्रेव्हीसाठी टोमॅटोचा गाळलेला रस निम्मा आटवायचा आणि २ लिटर हवा, तर ४ लिटर पुरत नाही. तिथे साखरेची ती ५० मिलीची भर नाही. गार होताना तीन-चार टक्के जातात, आणि दाट रस भांड्याला दुधापेक्षा जास्त धरतो, म्हणून आणखी पाच-सहा. एक लिटरचे ४५० मिली हातात येतात. म्हणून सव्वादोनपट धरा, २ लिटरला साडेचार लिटर रस. मीठ आटवण्याआधी चवीपुरतं घातलं तर आटल्यावर ते दुप्पट खारट होतं, त्यामुळे मीठ शेवटी. आणि रस दाट झाल्यावर बुडबुडे फुटून वर उडतात, हात भाजतो. तेव्हा झाकण तिरकं ठेवायचं, पूर्ण बंद नाही. पूर्ण झाकलं की वाफ झाकणाला लागून परत भांड्यात पडते आणि तासाभराने बघितलं तरी रस तेवढाच.